वजन उतरल्यावर स्टॅटिनचे काय?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तातील चरबीचे आकडे सुधारतात, पण सगळे एकाच वेळी आणि एकाच कारणाने नाही. सर्वांत आधी उतरतात ट्रायग्लिसराइड. खाणे अगदी थोडे झालेले असते, शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागते आणि यकृतातून रक्तात सोडली जाणारी चरबी कमी होते. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, सुरुवातीला थोडे घसरू शकते. वजन स्थिरावू लागले की ते वर चढते. म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या एका रिपोर्टवरून घाबरूही नये आणि हुरळूनही जाऊ नये.

हृदयविकाराशी सर्वांत थेट संबंध असलेले एलडीएल किती उतरेल, हे बरेचसे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी केली जाते, आतड्याला हात लावला जात नाही. त्यामुळे वजन भरपूर उतरूनही एलडीएल बऱ्याचदा होते तिथेच राहते. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. तिथे कोलेस्टेरॉल कमी शोषले जाते, पित्ताम्लांचा नेहमीचा फेराही बदलतो आणि एलडीएल ठळकपणे खाली येते.

आतड्याचा हा प्रभाव अमेरिकी शल्यविशारद हेन्री बुकवाल्ड यांनी फार पूर्वीच दाखवला होता. लहान आतड्याचा शेवटचा भाग वगळला की पित्ताम्ले परत शोषली न जाता मलावाटे निघून जातात. ती नव्याने बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. त्यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८३८ रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे एलडीएल पाच वर्षांनी इतरांपेक्षा सुमारे ३८ टक्के कमी होते. ही शस्त्रक्रिया वजनासाठी नव्हती, कोलेस्टेरॉलसाठीच होती.

आता खरा प्रश्न गोळीचा. समजा, पन्नाशीतल्या एका गृहस्थांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, मधुमेह आहे आणि रोज ४० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. बायपासनंतर वर्षभराने त्यांचे ट्रायग्लिसराइड २६० वरून ११० वर आणि एलडीएल ९८ वरून ६२ वर आले. रिपोर्टमध्ये सगळे ‘नॉर्मल’ छापलेले असते, घरातले म्हणतात, आता गोळी कशाला? पण हा ६२ चा आकडा गोळी चालू असतानाचा आहे. शिवाय हृदयविकार झालेल्यांसाठी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ठेवलेले लक्ष्य ५५ पेक्षा कमी आहे. या गृहस्थांना गोळी पुढेही लागणार, कदाचित जोडीला दुसरे औषधही. त्यांच्याच वयाच्या, पण हृदयविकार किंवा मधुमेह नसलेल्या, केवळ वाढलेल्या आकड्यांमुळे स्टॅटिन घेणाऱ्या व्यक्तीचा विचार वेगळा होतो. तिचा एकूण धोका नव्याने मोजून डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा गोळी थांबवून काही आठवड्यांनी तपासणी करू शकतात. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असेल, तर वजन कितीही उतरले तरी मूळ दोष जात नाही. म्हणून गोळी मुळात कशासाठी सुरू झाली होती, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

शिवाय तीच गोळी तितकीच रक्तात पोचेल, याचीही खात्री नसते. ॲटोरव्हास्टॅटिनचा काही भाग आतड्याच्या भिंतीतले एन्झाइमच मोडून टाकते, आणि ते आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जास्त असते. तो भाग वगळला की औषध जास्त मिळू शकते. पण शोषणाची जागाही घटल्याने कमीही मिळू शकते. नॉर्वेतल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बारा रुग्णांच्या अभ्यासात कुणाच्या रक्तातले प्रमाण तिपटीने घटले होते, तर कुणाचे दुपटीने वाढले होते. ऑपरेशन कोणते झाले, एवढ्यावरून कुणाचे काय होईल हे सांगता येत नाही. एलडीएल पुन्हा वर जाऊ लागणे किंवा कारणाशिवाय स्नायू दुखणे, ही डॉक्टरांना लगेच सांगायची लक्षणे.

इतर औषधांत तातडी आणखी जास्त असते. इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर लगेच कमी करावी लागते, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. पाणी पिणे कमी झालेले असताना लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू राहिली, तर उभे राहताच चक्कर येते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नव्या, आखूड वाटेत पुरत्या विरघळत नाहीत, तेव्हा त्यांचा साधा किंवा द्रव प्रकार निवडला जातो. बायपासनंतर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जोडाजवळ व्रण होऊ शकतो, म्हणून त्या टाळल्या जातात. थायरॉइडची गोळी लोह आणि कॅल्शियमपासून चार तास दूर ठेवावी लागते, आणि बायपासनंतर तर या दोन्ही गोळ्या जवळजवळ प्रत्येकाला चालूच असतात.