गरम न होता वाजणारा ॲम्प्लिफायर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर '3116 चा बोर्ड' मागितला, की दुकानदार तळहातावर मावेल एवढी चकती पुढे ठेवतो. मधोमध एक आयसी, तिच्यावर काड्यापेटीएवढा हीटसिंक आणि स्पीकरच्या वायरी जोडायच्या बाजूला ओळीने बसवलेल्या चार कॉइल. ही आयसी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची टीपीए3116डी2. तिला 21 व्होल्टचा सप्लाय दिला, तर 4 ओहमच्या दोन स्पीकरना ती प्रत्येकी 50 वॅट देऊ शकते. एवढ्याच ताकदीचा जुन्या धाटणीचा ॲम्प्लिफायर उघडून पाहिला, तर त्याच्या पाठीवर अर्धा किलोचा पंखेदार ॲल्युमिनियम दिसतो आणि तासभर वाजवल्यावर त्याला हात लावून ठेवता येत नाही. ती उष्णता या छोट्या बोर्डात तयारच होत नाही. का होत नाही, हे कळलं, की क्लास डी ॲम्प्लिफायरचं निम्मं गणित कळलं. उरलेलं निम्मं त्या चार कॉइलमध्ये आहे.

आधी जुनी पद्धत पाहू. क्लास एबी ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर घरातल्या पंख्याच्या जुन्या, डबीएवढ्या रेग्युलेटरसारखा वागतो. पंख्याला नको असलेले व्होल्ट तो रेग्युलेटर स्वतःवर घेतो आणि तापतो. समजा सप्लाय 20 व्होल्टचा आहे आणि गाण्यातल्या एका क्षणी 4 ओहमच्या स्पीकरला 10 व्होल्ट हवे आहेत. स्पीकरमधून अडीच अँपिअर करंट जाईल आणि त्याला 25 वॅट मिळतील. पण तोच अडीच अँपिअर ट्रान्झिस्टरमधूनही जातो आणि उरलेले 10 व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात. म्हणजे आणखी 25 वॅट, निव्वळ उष्णतेत. आवाज कमी केला, तर प्रमाण आणखी बिघडतं. स्पीकरला 2 व्होल्ट हवे असतील तेव्हा करंट अर्धा अँपिअर, स्पीकरला मिळतो 1 वॅट आणि ट्रान्झिस्टरमध्ये जळतात 9 वॅट. गाण्यातले बहुतेक क्षण असे हलकेच असतात. पूर्ण ताकद लागते ती ढोलाच्या एखाद्या ठोक्यापुरती. त्यामुळे एबी ॲम्प्लिफायर बराचसा वेळ आपल्या सर्वांत उधळ्या अवस्थेत काढतो.

ट्रान्झिस्टर तापतो तो अर्धवट उघडा असताना. पूर्ण बंद असेल, तर त्यातून करंट जात नाही. पूर्ण उघडा असेल, तर त्याच्यावर व्होल्ट जवळजवळ उरत नाहीत. उष्णता म्हणजे या दोहोंचा गुणाकार, म्हणून दोन्ही टोकांना ती नगण्य असते. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टरला याच दोन अवस्था दिलेल्या आहेत. 3116 मधले मॉस्फेट पूर्ण उघडे असताना त्यांचा रोध प्रत्येकी साधारण 0.12 ओहम असतो. स्पीकरच्या वाटेवर एका वेळी असे दोन येतात, म्हणून 0.24. मघाचाच अडीच अँपिअर करंट त्यातून नेला, तर उष्णता होते दीड वॅट. 25 च्या जागी दीड. त्यात मॉस्फेटची उघडझाप करण्याचा थोडा ठरावीक खर्च मिळवला, तरी पूर्ण ताकदीवर चालताना या आयसीची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या वर राहते.

पण स्पीकरला तर 10 व्होल्ट हवे आहेत आणि आपल्याकडे आता फक्त 20 किंवा शून्य आहे. मधली किंमत मिळवायची ती वेळेच्या वाटणीतून. आयसीच्या आत एक त्रिकोणी लहर सतत वरखाली होत असते, सेकंदाला 4 लाख वेळा, म्हणजे 400 किलोहर्ट्झने. बाहेरून आलेला गाण्याचा सिग्नल आणि ही लहर एका कंपॅरेटरला दिलेली असते. सिग्नल लहरीच्या वर असेल तोवर स्विच वरच्या बाजूला, खाली गेला की खालच्या बाजूला. सिग्नल जितका उंच, तितकी प्रत्येक पल्स रुंद. यालाच पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. पल्सची उंची कायम सारखीच असते. गाण्याची सगळी माहिती तिच्या रुंदीत उतरते. ही रुंदी हवी तितकी बारकाईने कमीजास्त होऊ शकते, म्हणून स्विच दोनच अवस्थांचा असूनही आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होत नाही.

आता स्पीकरची दोन टोकं पाहा. 3116 मध्ये स्पीकरचं कुठलंच टोक ग्राउंडला जोडलेलं नसतं. प्रत्येक टोकाला स्वतःची स्विचची जोडी असते. गाणं थांबलेलं असताना दोन्ही टोकं निम्मा वेळ 20 व्होल्टवर आणि निम्मा वेळ शून्यावर असतात. दोघांची सरासरी 10, फरक शून्य, म्हणून शांतता. आपल्याला हव्या असलेल्या क्षणी एक टोक 75 टक्के वेळ वर राहतं आणि दुसरं 25 टक्के. एक आवर्तन अडीच मायक्रोसेकंदांचं असतं, त्यातले 1.875 मायक्रोसेकंद पहिलं टोक वर. सरासरी एकीकडे 15 व्होल्ट, दुसरीकडे 5, आणि फरक नेमका 10.

ही सरासरी प्रत्यक्षात काढतो तो आउटपुट फिल्टर. प्रत्येक टोकाच्या वाटेवर एक कॉइल आणि तिच्या पलीकडून ग्राउंडला एक कंडेन्सर. दोन स्पीकर, चार टोकं, म्हणून चार कॉइल. कॉइल करंटला झटक्यात बदलू देत नाही आणि कंडेन्सर व्होल्टेजला. 4 ओहमच्या स्पीकरसाठी 10 मायक्रोहेन्रीची कॉइल आणि 0.68 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ही रुळलेली जोडी. सूत्रात घातली, तर तिची सीमा येते सुमारे 61 किलोहर्ट्झ:

`f = 1 / (2π√(LC))`

माणसाच्या कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झच्या आसपास, ती या सीमेच्या बरीच खाली. स्विचचे 400 किलोहर्ट्झ बरेच वर. सीमेच्या वर गेल्यावर फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली, की हा फिल्टर सिग्नल चौपट कमी करतो. 400 ला तो सुमारे 43 पट कमी होतो. 20 व्होल्टची उडी पलीकडे पोहोचेपर्यंत अर्ध्या-पाऊण व्होल्टची थरथर उरते, जी स्पीकरचा कोन हलवू शकत नाही. गाणं मात्र जवळपास जसंच्या तसं पार होतं.

हे घरच्या मल्टीमीटरवर पाहता येतं. बोर्ड चालू करा, गाणं बंद ठेवा. मीटर डीसीवर लावून काळी वायर सप्लायच्या निगेटिव्हला आणि लाल वायर स्पीकरच्या एकेका टोकाला लावा. 20 व्होल्टच्या सप्लायवर दोन्हीकडे 10 च्या आसपास दिसतील. दोन टोकांमध्ये मोजलं, तर जवळपास शून्य. याच कारणाने या बोर्डाचं स्पीकरचं काळं टोक धातूच्या पेटीला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या काळ्या टोकाला जोडायचं नसतं. जुन्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये ते ग्राउंडच असे, म्हणून ही सवय हातात बसलेली असते. इथे तो शॉर्ट होतो.

कागदावर हे गणित सोपं आहे, आणि जुनंही. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने 1964 मध्येच एक्स-10 नावाचा असा ॲम्प्लिफायर किटच्या रूपात विकला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या झपाट्याने उघडझाप करण्याच्या लायकीचे नव्हते आणि तो प्रयोग फसला. वेगवान मॉस्फेट आल्यावर ही पद्धत खऱ्या अर्थाने चालू लागली. तरी एक अडचण आजही प्रत्येक आवर्तनात येते. वरचा आणि खालचा मॉस्फेट क्षणभर जरी एकत्र उघडे राहिले, तरी सप्लाय थेट शॉर्ट होतो. म्हणून एक बंद करून दुसरा उघडण्याआधी काही नॅनोसेकंदांची मोकळी जागा ठेवतात. तेवढ्या वेळेपुरती पल्सची रुंदी चुकते आणि आवाजात किंचित विकृती येते. सप्लाय 20 चा 18 झाला, तर सगळ्या पल्स बुटक्या होऊन 10 व्होल्टच्या जागी 9 च मिळतात. हे दोन्ही दोष भरून काढण्यासाठी आयसी स्वतःचं आउटपुट परत तपासते आणि पल्सची रुंदी सुधारत राहते.

मात्र 3116 ही तपासणी कॉइलच्या अलीकडे करते. कॉइलमध्ये जे बिघडेल, ते तिला दिसत नाही. आणि कॉइलवरचा भार मोठा आहे. शांततेतही दर आवर्तनात प्रत्येक कॉइलमधला करंट वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये सुमारे सव्वा अँपिअरने झुलत असतो, म्हणून काही न वाजताही ती कोमट होते. 4 ओहमला 50 वॅट देताना गाण्याचा करंट शिखरावर 5 अँपिअरपर्यंत जातो. कॉइलचा गाभा छोटा असेल, तर तेवढ्या करंटला तो संपृक्त होतो, आणि कॉइल नुसत्या तारेसारखी वागू लागते. मग तिची अडवणूक सुटते, झुलणारा करंट वाढतो, बासच्या जोरदार ठोक्यावर आवाज फाटतो किंवा आयसी आपला बचाव म्हणून क्षणभर बंद पडते. आवाज हळू असताना सगळं ठीक आणि बासवरच तुटतो, ही त्याची खूण. मात्र सप्लाय कमकुवत असेल, तरीही असंच होतं. म्हणून त्याच वेळी सप्लायचे व्होल्ट मोजावेत; ते टिकून असतील, तर संशय कॉइलवर.

फिल्टर कमी पडला, तर दुसरा साक्षीदार रेडिओ. 400 किलोहर्ट्झच्या पल्समध्ये 800, 1200 अशा पटीतल्या लहरीही असतात. स्पीकरची लांब वायर त्यांची अँटेना होते. पुणे आकाशवाणी मीडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झला आहे, 800 च्या अगदी शेजारी. बोर्डाजवळ रेडिओ धरून ते केंद्र लावलं आणि बोर्ड चालू करताच शिट्टी किंवा खरखर आली, तर फिल्टरमधून किंवा वायरीतून गळती होते आहे. कंपनीला हे ठाऊक होतं, म्हणून या आयसीला स्विचिंग 500, 600 किंवा त्याहून जास्त किलोहर्ट्झवर नेण्यासाठी वेगळे पाय दिलेले आहेत. बोर्ड बनवणाऱ्याने ते जसे जोडले असतील, ती फ्रिक्वेन्सी.

बेल्जियमच्या ब्रुनो पुट्झेस या इंजिनिअरने फिलिप्समध्ये असताना वेगळी वाट काढली. त्याच्या 'यूसीडी' रचनेत आउटपुटची तपासणी फिल्टरच्या पलीकडे, थेट स्पीकरच्या टोकांवर होते, त्यामुळे कॉइलचे बरेचसे दोषही आपोआप दुरुस्त होतात. 3116 च्या बोर्डात ती सोय नाही. एकच आयसी लावलेले दोन बोर्ड समोर असतील, तर आयसीच्या अलीकडे बघण्यासारखं फारसं नसतं. कॉइल किती मोठी आहे आणि 5 अँपिअरच्या वर किती करंट ती संपृक्त न होता पेलते, हे विचारावं. दुकानदार सांगू शकला नाही, तर दोन्ही बोर्ड एकाच सप्लायवर, त्याच स्पीकरवर, भरपूर बास असलेल्या गाण्यावर वाजवून पाहावेत. कमी तापलेल्या कॉइलचा बोर्ड घ्यावा.