बांगडा उन्हातून घरी येतो तेव्हा

उन्हाळ्यात रविवारच्या बाजारात आम्ही मासळी आधी घ्यायचो, उशीर झाला की चांगली उरत नाही म्हणून. मग भाजी, किराणा, ओळखीच्यांशी गप्पा. अकराला घेतलेला बांगडा साडेबाराला घरी पोचायचा. आता मासळी सर्वांत शेवटी घेतो.

कच्चे मांस-मासे बर्फाशिवाय फार तर दोन तास ठेवावेत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. विक्रेत्याच्या पाटीवर बर्फाविना गेलेला वेळही त्यातच धरायचा. म्हणजे आमचा दीड तास जास्तच होता.

"चांगले उकळले की झाले," असे घरोघरी म्हणतात. बांगडा, सुरमई, कुपा यांना ते लागू नाही. उबेत वाढणारे जंतू या माशांत हिस्टामिन तयार करतात. शिजवल्याने जंतू मरतात, हिस्टामिन तसेच राहते. घाण वास येईलच असेही नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. आपण म्हणतो, मासा बाधला. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठावा.

घरून झाकणाचा डबा न्यावा. किलोभर मासळीला किलोभर बर्फ, खाली आणि वर. मासळी वेगळ्या पिशवीत बांधावी, म्हणजे तिचे पाणी भाजीला लागत नाही. घरी फ्रीज नसेल तर पोचताच साफ करून चुलीवर चढवावी.