वाटणीनंतर ताईला पहिली शुभेच्छा

9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. त्यानंतर बहिणीने हक्कसोडपत्रावर सही नाकारली म्हणून अनेक घरांत भाऊबीज थांबली. अशा अबोल्यानंतरच्या पहिल्या शुभेच्छेसाठी मात्र भाऊबीज टाळलेली बरी. त्या दिवशी ओवाळणी, येणे-जाणे अशा अपेक्षा आपोआप जागतात, आणि कोण आधी आले याचा हिशेबही. बहिणीच्या घरचे बारसे किंवा मुलाचा निकाल असे निमित्त अधिक हलके असते.

समजा, ताईला नातू झाल्याचे धाकट्या भावाला कळले. त्याने एवढेच लिहावे: ‘ताई, नातू झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. बाळाला आणि तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.’ यात प्रश्न नाही, त्यामुळे उत्तराची सक्ती नाही. ‘झालं गेलं विसरून जा’ हे शब्द प्रेमाने लिहिले तरी जखमेवरच बोट ठेवतात. ‘मी मनात काही ठेवलं नाही’ यातून दोष तिचाच असल्याचे ध्वनित होते. दावा चालू असेल तर जमिनीचा उल्लेख मुळीच नको, कारण तो मजकूर पुढे न्यायालयात मांडला जाऊ शकतो.

संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर नव्हे, थेट ताईलाच पाठवावा. चारचौघांत तिच्यावर दडपण येते. उत्तरात नुसते ‘धन्यवाद’ आले तर लगेच फोन करू नये. तिने बाळाचा फोटो पाठवला किंवा घरच्यांची चौकशी केली, तर बोलणे पुढे न्यायला तिची तयारी आहे असे समजावे. काहीच उत्तर आले नाही, तर पुढचे आनंदाचे निमित्त येईपर्यंत थांबावे आणि गप्प राहिल्याबद्दल तिला विचारू नये.