आरशात दार दिसतंय का? वॉक-इन वॉर्डरोबचं रेंडर वाचताना

घराचं इंटिरिअर ठरवताना डिझायनर आधी रेंडर पाठवतो, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या खोलीचं चित्र. वॉक-इन वॉर्डरोबचं रेंडर बहुधा सगळ्यात देखणं असतं. दोन्ही बाजूंना शेल्फ, त्यांखाली ड्रॉवर, समोर पूर्ण उंचीचा आरसा आणि सगळ्यावर पसरलेला मऊ, एकसारखा प्रकाश. कुठेही अंधारा कोपरा नाही, डोळ्यांत जाणारा दिवा नाही. ते पाहून लोक होकार देतात. पुढे सुताराने काम संपवल्यावर दिवा लावला, की उजेड जमिनीवर पडतो आणि कपडे अंधारात राहतात. बहुतेकदा सुतार किंवा इलेक्ट्रिशियन यांची यात काही चूक नसते. चित्रातला उजेड ज्या दिव्याचा होता, तो दिवा खोलीत कधी बसणारच नव्हता.

मऊ प्रकाश ही संगणकासाठी मुळातच अवघड गोष्ट. सुरुवातीच्या पद्धतींत किरण दिव्यातून थेट वस्तूवर येतो एवढंच धरलं जायचं, त्यामुळे सावल्या कात्रीने कापल्यासारख्या दिसत. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीत भिंतींची एक साधी पेटी घेतली आणि एका भिंतीवरून दुसरीवर परतणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडला. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी हा सगळा व्यवहार एका समीकरणात बसवला, आणि आजची बहुतेक रेंडर सॉफ्टवेअर त्याच वाटेने चालतात. बिनखिडकीचा वॉर्डरोब म्हणजे तशीच एक पेटी आहे. तिच्यातला बराच उजेड भिंतींना आणि कपाटांना आपटून येतो, आणि येताना त्यांचा रंग घेऊन येतो. चारी बाजूंना अक्रोडी लॅमिनेट असेल तर पांढरा शर्ट थोडा पिवळसर दिसायलाच हवा. चित्रात तो दुधासारखा शुभ्र असेल, तर कुणीतरी वरून पांढरा उजेड ओतला आहे किंवा नंतर रंग दुरुस्त केला आहे, असं समजावं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. मास्टर बेडरूमला लागून ७ फूट लांब आणि ६ फूट रुंद जागा आहे. ६ फुटांच्या एका भिंतीत दार, तिच्यासमोरच्या भिंतीवर आरसा, आणि लांबीच्या दोन्ही भिंतींना कपाटं. हँगरवरचे कपडे आडवे मावायला कपाट सुमारे २ फूट खोल लागतं. दोन्ही बाजूंची खोली वजा केली, की मध्ये उरतात २ फूट. नेहमीच्या १८ इंची चॅनेलचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला तर उभं राहायला ६ इंच राहतात. चित्रात मात्र ही वाट ऐसपैस दिसते, कारण कॅमेरा दाराच्या भिंतीच्या बाहेर ठेवलेला असतो. रेंडरमध्ये भिंत पुसून टाकायला एक क्लिक पुरते. त्यात फोनवरच्या ०.५ च्या लेन्ससारखी फार रुंद लेन्स घेतली की वाट आणखी लांबरुंद होते. याची खूण चित्राच्या कडेला सापडते. तिथली हँडलं आणि घड्या घातलेले कपडे आडवे ताणलेले दिसतात.

या जागेत माझ्या मते एकाच बाजूला २ फुटांचं कपाट घ्यावं आणि समोर फक्त १ फूट खोलीचे शेल्फ: घडीचे कपडे, चपला, पिशव्या. वाट ३ फुटांची होते आणि ड्रॉवर उघडूनही दीड फूट उरतो. चित्र थोडं साधं दिसेल, पण वाकून खालचा ड्रॉवर उघडता येईल.

आता प्रकाश. सावली किती मऊ पडेल हे दिव्याच्या आकारावर ठरतं. तीन इंची छोटा दिवा ठळक काठाची सावली टाकतो, भिंतीएवढा मोठा दिवा जवळजवळ टाकतच नाही. रेंडर करणारा म्हणूनच कॅमेऱ्याच्या मागे भिंतीएवढा एक प्रकाशमान चौकोन ठेवतो आणि तो स्वतः चित्रात दिसू नये अशी सोय करतो. यात फसवणुकीचा हेतू असतोच असं नाही. लॅमिनेटचा पोत नीट दिसावा म्हणूनही तो ठेवलेला असतो. प्रत्यक्षात मात्र फॉल्स सीलिंगमधले दिवे वाटेच्या मध्यावर येतात आणि सर्वांत वरचा खण खालच्या कपड्यांवर सावली धरतो. चित्रात दिवे फक्त छतात दिसत असतील आणि तरीही खालच्या खणाची आतली भिंत वरच्याइतकीच उजळ असेल, तर तो उजेड त्या दिव्यांचा नाही.

हे तपासायला आरशासारखी दुसरी जागा नाही. समोरच्या आरशात आपल्या पाठीमागची भिंत आणि दार दिसलं पाहिजे. भिंत पुसलेली असेल तर तिथे पांढरी पोकळी किंवा भलतंच आकाश दिसतं. लपवलेला दिवा कधी कधी आरशात पांढरा चौकोन होऊन उमटतो, म्हणून तो प्रतिबिंबातूनही वगळण्याचं बटण असतं. चांगल्या चित्रात आरशात दार असतं, कपाटाची दुसरी बाजू असते आणि छतातले दिवे मोजता येतात.

डिझायनरला एवढंच सांगावं: खरे बसणारे दिवे सोडून बाकी सगळे बंद करून एक चित्र द्या. व्ही-रे आणि कोरोना या सॉफ्टवेअरमध्ये लाइट मिक्स नावाची सोय आहे. दिवे सुरुवातीलाच वेगळे नोंदवले असतील तर पुन्हा रेंडर न करता एकेक कमी-जास्त करता येतो. मात्र कॅमेऱ्याचं एक्स्पोजर तेच ठेवायला सांगावं, नाहीतर अंधारी खोलीही उजळून दाखवता येते.

तसा मऊ उजेड खरोखर हवा असेल तर तो कपाटातूनच काढावा लागतो. एलईडी पट्टी शेल्फच्या मागच्या बाजूला लावली तर मागची भिंत चमकते आणि कपडे काळे दिसतात. ती पुढच्या काठाच्या खाली, आत तोंड करून लावावी. खण बरेच असतील तर कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजूंना पुढच्या काठाशी एकेक उभी पट्टी दिली की सगळे खण उजळतात. रेंडरमध्ये पट्टी ही सलग प्रकाशाची रेघ असते. खऱ्या पट्टीवर सुटे दिवे असतात आणि चकचकीत लॅमिनेटमध्ये त्यांचे ठिपके मोजता येतात. म्हणून दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम प्रोफाइल घ्यावं. पट्टीचा ड्रायव्हर कुठे बसणार हेही आधीच विचारावं. चित्रात तो कधीच नसतो, आणि बंद पडल्यावर कपाट न तोडता त्याच्यापर्यंत हात पोहोचायला हवा.

आरशाच्या उजेडाची गोष्ट वेगळी आहे, कारण रेंडरमध्ये आरशासमोर माणूस उभा नसतो. छतातला दिवा आपल्या डोक्याच्या मागे आला की पाठ उजळते आणि चेहरा अंधारात जातो. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या दिल्या की उजेड थेट माणसावर येतो. पट्टी घेताना रंग खरे दाखवण्याचा अंक, म्हणजे सीआरआय, ९० किंवा जास्त पाहावा. नाहीतर गडद निळी साडी आणि काळी साडी यांतला फरक दारातून बाहेर पडल्यावरच कळतो.

चित्रात आरसा थेट जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे फरशी आत पुढे चालू राहिल्यासारखी दिसते. घरात मात्र रोज फरशी पुसली जाते, पाणी आरशाच्या खालच्या काठाला लागतं आणि काही वर्षांत तिथला मुलामा काळा पडतो. पूर्ण अंग दिसायला आरसा आपल्या उंचीच्या निम्मा असला तरी पुरतो, फक्त तो योग्य उंचीवर हवा. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईचे डोळे साधारण पाच फुटांवर असतील, तर आरशाची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर असली तरी तिला पावलं दिसतात. घरात उंच-बुटके सगळे असतात आणि लहान मुलंही, म्हणून आरसा लांब घेणं बरोबरच. पण जमिनीपासून ४ ते ६ इंच सोडून तो बसवला तर कुणाचंच काही अडत नाही, आणि सुताराला तेवढी स्कर्टिंग कपाटाच्या रेषेत सहज जुळवून घेता येते.