लोगो कापायचा तर पेननेच

पतसंस्थेच्या वार्षिक सभेचा फ्लेक्स. पार्श्वभूमी गडद निळी, आणि हाती आलेला लोगो म्हणजे व्हॉट्सॲपवरची जेपीजी: पांढऱ्या चौकोनात लाल कडं, आत समई, खाली संस्थेचं नाव. पांढरं काढायचं आहे. फोटोशॉपमध्ये त्यासाठी तीन वाटा आहेत.

सिलेक्ट सब्जेक्ट म्हणजे एका क्लिकचं काम. पण हे एआय फोटोतला माणूस, प्राणी, वस्तू ओळखण्यासाठी आहे. सपाट चित्रात ते समई उचलतं, नावातली बारीक अक्षरं सोडून देतं, किंवा कड्याच्या आतलं पांढरंही लोगोतच धरतं.

क्विक सिलेक्शन अधिक ताब्यात राहतं. ब्रश फिरवाल तसं ते सारख्या रंगाचे पिक्सेल गोळा करत जातं. अडचण जेपीजीची आहे. फाइल लहान करताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पडतात आणि ठसठशीत कडेभोवती मळकट ठिपके उरतात. टूल तेही पकडतं, म्हणून सरळ रेघ लाटांसारखी येते. पांढऱ्यावर हे दिसत नाही. खाली गडद रंगाचा लेयर टाका, २०० टक्के झूम करा. पांढरी झालर लगेच डोळ्यांत भरते.

पेन टूल पिक्सेल पाहून अंदाज बांधत नाही. कड कुठून जाते ते तुम्ही सांगता आणि दोन बिंदूंमधली वक्ररेषा ते गणिताने आखतं. कड्यासाठी तर पेनही नको. इलिप्स टूल पाथ मोडवर ठेवून आतलं आणि बाहेरचं अशी दोन वर्तुळं काढा, आतलं वजा करा. समईला पेन हवा. वळण जिथे सर्वांत बाहेर येतं तिथे बिंदू ठेवून माउस ओढायचा. बिंदू जितके कमी, तितकं वळण गुळगुळीत. नवशिके इथेच दहा जास्त ठेवतात. ज्योतीच्या टोकावर ऑल्ट दाबून हँडल मोडलं की कोपरा टोकदार राहतो.

रेघ मात्र कडेच्या साधारण एक पिक्सेल आतून न्यायची, कारण कडेवरच्या पिक्सेलमध्ये लाल आणि पांढरं मिसळलेलं असतं. शेवटी फेदर न देता या पाथचाच व्हेक्टर मास्क करायचा. मग रेघ नंतरही हलवता येते.

वेळ लागतो, खरं आहे. अक्षरं पेनने कोरत बसण्यात तर अर्थच नाही. फाँट ओळखता आला तर नाव सरळ टाइप करा. अध्यक्षांचा फोटो कापायला सिलेक्ट सब्जेक्ट खुशाल वापरा, केसांसाठी ते उत्तमच आहे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी संस्थेत एक फोन करा. लोगोची कोरलड्रॉ किंवा पीडीएफ फाइल कोणाच्या तरी संगणकात असण्याची शक्यता असते.