गावाच्या ओळीतला a, b आणि c

२०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची माहिती एका ओळीत आहे. माध्यमिक शाळेच्या रकान्यात आकडा असेल, तर शाळा गावातच आहे. अक्षर असेल, तर ती गावाबाहेर आहे: a म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, b म्हणजे ५ ते १० आणि c म्हणजे त्याहून लांब.

b दिसला, की त्याच ओळीतले बस आणि पक्का रस्ता हे रकाने पाहावेत. बसही नसेल, तर मुलींची शाळा सुटण्याची भीती खरी आहे.

पाणी आणि विजेच्या रकान्यांत जपून वाचावे. तिथे ‘उन्हाळा’ एप्रिल ते सप्टेंबर धरला आहे. त्यात पावसाळाही येतो, म्हणून मे महिन्यातला कोरडा नळ त्या नोंदीत लपू शकतो.