व्हिडिओच्या आधी वाचली जाणारी ओळ

समजा, एका फॅमिली डॉक्टरांनी पावसाळ्यात डेंग्यूवर चार मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यांचा मुद्दा एकच आहे : ताप उतरला म्हणजे धोका टळला, असं डेंग्यूत धरून चालत नाही. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काही दिसलं, तर लगेच रुग्णालय गाठायचं.

व्हिडिओ यूट्यूबवर चढवताना शीर्षक, वर्णन, भाषा अशी माहिती भरता येते. हा मेटाडेटा. व्हिडिओ उघडायचा की नाही, हे प्रेक्षक बहुधा त्यावरूनच ठरवतो. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. ‘डेंग्यू पाच दिवसांत बरा’ हे वचन झालं. ‘डेंग्यू : ताप उतरताना दिसणारी धोक्याची लक्षणं’ ही माहिती झाली.

वर्णनात ५,००० अक्षरं मावतात, पण ते उलगडण्याआधी सुरुवातीच्या ओळीच दिसतात. म्हणून ओळख आणि मर्यादा तिथेच हवी :

```
डॉ. (नाव), एमबीबीएस, फॅमिली डॉक्टर
महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी क्र. (क्रमांक)
ही सर्वसाधारण माहिती आहे, वैयक्तिक सल्ला नाही.
धोक्याची लक्षणं दिसल्यास लगेच रुग्णालयात जा.

0:00 ताप उतरताना काय होतं
1:20 धोक्याची लक्षणं
2:50 कोणती औषधं टाळावीत
```

पदवी कुणीही लिहू शकतो. नोंदणी क्रमांक मात्र कौन्सिलकडे पडताळता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक माहिती देणाऱ्या प्रमाणित डॉक्टरांनी आपली पात्रता उघड करावी, अशी मार्गदर्शक सूचना काढली. लिहायची ती मिळवलेलीच पदवी; ‘तापतज्ज्ञ’ अशी घरगुती उपाधी नको.

‘वैयक्तिक सल्ला नाही’ ही ओळ लिहिली म्हणजे काहीही बोलायला मोकळीक मिळत नाही. ‘डेंग्यूच्या शंकेत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो’ ही सर्वांना लागू पडणारी सूचना. पण ‘पॅरासिटामॉलच्या इतक्या गोळ्या दिवसातून इतक्या वेळा घ्या’ असं सांगितलं, की ऐकणाऱ्यांत पाच वर्षांचं मूलही असतं आणि यकृताचा रुग्णही. वजन, वय, जुने आजार न पाहता दिलेला तो डोस वर्णनातल्या एका वाक्याने निर्धोक होत नाही. प्रकाशित करण्यापूर्वी एवढं तपासावं : व्हिडिओ पाहून कुणी डॉक्टरांना न विचारता आपलं औषध बदलेल का? बदलणार असेल, तर कात्री व्हिडिओलाच लावावी लागेल.

आणखी एक अडचण आहे. व्हिडिओची फाइल उतरवून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली, की यूट्यूबवरचं शीर्षक आणि वर्णन मागेच राहतं. म्हणून नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, चित्रीकरणाची तारीख आणि मर्यादेचं वाक्य सुरुवातीलाच पडद्यावर दाखवावं, तोंडीही सांगावं. चित्रात आणि आवाजात असलेला मजकूर फाइलबरोबर पुढच्या माणसापर्यंत जातो.